कोमट असताना छान लागलं, म्हणजे बिघडलं

पाणीपुरीचं पाणी चमच्याने चाखून कोणी "वा, अगदी बरोबर झालंय" असं म्हणालं, की आमच्या डोंबिवलीच्या वहिनी मुकाट्याने मिठाचा डबा पुन्हा उघडतात. ओट्यावर, कोमट असताना, नुसतं चमच्यात जे पाणी छान लागतं, ते पुरीतून तोंडात जाईपर्यंत मिळमिळीत झालेलं असतं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. त्यामुळे कौतुक ऐकलं की त्यांना काळजी वाटते. चाखणाऱ्याने तोंड वाकडं केलं, एक डोळा मिटला आणि "अगं बाई, हे काय!" म्हटलं, की त्या निश्चिंत होऊन गॅस पुसायला घेतात.

घरी पाणीपुरी करायची ठरली की पुऱ्या विकतच्या येतात, रगडा कुकर करतो, चिंच-खजुराची चटणी आदल्या दिवशीच होते. भांडायला एक पाणीच उरतं. आमटीत हिंग पडला होता की नाही हे ज्याला तीस वर्षांच्या संसारात सांगता आलं नाही, तो माणूसही पाणीपुरीच्या पाण्याबद्दल ठाम असतो. कारण प्रत्येकाच्या मनात एक गाडी असते. कोणाची शाळेबाहेरची, कोणाची स्टेशनबाहेरची, आणि "तसं पाणी आता होत नाही" हे वाक्य बोलून तो प्रत्येक पातेल्याला नापास करत असतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी वहिनींकडे आम्ही आठ जण जमणार होतो. वहिनींनी आधी हिशेब मांडला. माणशी बारा पुऱ्या म्हणजे शहाण्णव, आणि मध्यम पुरीत सारण घातल्यावर साधारण वीस मिलीलीटर पाणी मावतं. म्हणजे दोन लिटर. शेवटी वाटी पुढे करून "जरा नुसतं पाणी" मागणारे लोक या हिशेबात धरायचे नसतात. त्यांना धरलं तर हंडाच लावावा लागेल.

पहिला प्रश्न आंबटाचा. वर्षभर लिंबू आणि चिंच असतातच. पण लिंबाचा रस पाण्यात तासन्‌तास राहिला की त्याला कडवट छटा येते, आणि चिंच घातली की पाणी तपकिरी होतं. एप्रिलात कैरी असते आणि कैरीचा आंबटपणा जरा सावकाश चढतो, रेंगाळतो, वर स्वतःचा वासही आणतो. मात्र कैरी कैरीत फरक आहे. तोतापुरी दिसायला भरदार, पण आंबटपणात मवाळ. गावठी रायवळ कैरी एवढीशी असते आणि कानशिलं हलवते. शिवाय मोसम पुढे सरकतो तसा तिचा आंबटपणा उतरत जातो. आतली कोय कडक झाली, गर पांढऱ्याचा पिवळसर दिसू लागला, की ती कैरी लोणच्याला आणि नंतर आंब्याला द्यावी. वहिनी भाजीवाल्याकडे कैरी नखाने जरा खरवडून वास घेतात. भाजीवाल्याला हे आवडत नाही, पण भावात घासाघीस करण्यापेक्षा त्याला हे परवडतं.

कैरी उकडायची की कच्ची घालायची, यावर आमच्या आत्याचं आणि वहिनींचं एकमत कधी झालं नाही. आत्या म्हणते, "उकडून घे गं, गर छान मिळतो." गर मिळतो हे खरंच, पण उकडलेल्या कैरीचा गर पाण्याला घट्टपणा आणतो, चव गोलसर होते आणि पातेल्यात पन्हं दिसायला लागतं. पन्ह्याला नावं ठेवण्याची आमच्या घरात कोणाची छाती नाही, पण पुरीत पन्हं ओतलं तर ते खाली झिरपत नाही, वर बसून राहतं. म्हणून वहिनी कच्चीच कैरी घेतात. देठाकडचा भाग कापून ती अर्धा तास पाण्यात ठेवायची, म्हणजे घसा खवखवणारा चीक निघून जातो. मग साल काढून गर मिक्सरमधून फिरवायचा आणि फडक्यातून पिळून घ्यायचा. पाव किलो कैरीतून दोन लिटरपुरता आंबटपणा निघतो. त्यातला पाव भाग मात्र वाटीत बाजूला ठेवायचा, कारण कैरी किती आंबट आहे हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. आंबट नंतर वाढवता येतं. कमी करायचं तर साखर-पाणी घालत बसावं लागतं.

आता पुदिना. नवशिक्यांचा समज असा, की पुदिना जितका जास्त तितकं पाणी भारी. वहिनी दोन दाबून भरलेल्या वाट्या पुदिन्याची पानं आणि एक वाटी कोथिंबीर घेतात. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या चालतात, पुदिन्याच्या काड्या चालत नाहीत, त्या कडवट असतात. सहा-सात हिरव्या मिरच्या आणि इंचभर आलं वेगळं वाटायचं. पुदिना हे फार हळवं पान. त्याला मिक्सरच्या पात्याची उष्णतासुद्धा सोसत नाही. वाटताना पानातली द्रव्यं हवेशी भिडतात आणि वाटण काळपट पडतं. म्हणून भांड्यात चार बर्फाचे खडे टाकायचे आणि मिक्सर थांबत थांबत, थोडा थोडाच फिरवायचा. "अजून बारीक, अजून बारीक" करत राहिलं की रंग जातो आणि कडवटपणा येतो, आणि एकदा आलेला कडवटपणा कोणत्याही उपायाने पुरता जात नाही. मीठ त्याला थोडा दाबतं, एवढंच.

इथे कैरी आणि पुदिना यांचं आपसात जमत नाही, हेही सांगायला हवं. पानातलं हरितद्रव्य आंबटात पडलं की हळूहळू त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि पोपटी रंगाचा खाकी होतो. गार पाण्यात हे सावकाश होतं, पण होतंच. म्हणून वहिनी कैरी, मिरची, आलं, जिरं आणि साधं मीठ यांचं पाणी दुपारीच करून ठेवतात आणि पुदिन्या-कोथिंबिरीचं वाटण खायच्या तास-दीड तास आधी मिसळून गाळतात. तेवढ्या वेळात वास पाण्यात उतरतो आणि रंगही टिकतो. यावरून गाडीवरच्या पाण्याची परीक्षाही करता येते. दुपारी चारला केलेलं आंबट पाणी रात्री साडेनऊलाही तोंडल्याच्या वेलीपेक्षा हिरवंगार असेल, तर त्या हिरवेपणात पुदिन्याखेरीज आणखी कोणाचा तरी हात आहे. खाकी पाणी बघून नाक मुरडणारं गिऱ्हाईक खरं पाणी सोडून रंगीत पाण्याकडे जातं, आणि गाडीवाला शेवटी गिऱ्हाईकाचंच ऐकतो.

जिऱ्याचं काम वरवर सोपं दिसतं. कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचं. एक छटा गडद झालं आणि वास स्वयंपाकघराच्या दाराबाहेर गेला की लगेच ताटलीत काढायचं. तव्यातच ठेवून फोन घ्यायला गेलेल्या माणसाचं जिरं तव्याच्या गरमीने आणखी भाजत राहतं आणि पाण्यात जळकट चव उतरते. जिऱ्याचा वास तेलकट द्रव्यांत असतो आणि ती गार पाण्यात लवकर उतरत नाहीत. गार पाण्यावर जिरेपूड भुरभुरली तर ती वर तरंगत राहते, पहिल्या दोन पुऱ्यांना सगळं जिरं मिळतं आणि शेवटच्या बसलेल्याला काहीच नाही. म्हणून चार चहाचे चमचे भरड जिरेपूड अर्धी वाटी गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायची, निवू द्यायची आणि मग पातेल्यात ओतायची. या अर्ध्या वाटीने जिरं पाण्यात मिसळतं आणि पंगतीत पक्षपात होत नाही.

काळं मीठ सगळ्यांत शेवटी. वहिनींचं प्रमाण दोन लिटरला दोन चहाचे चमचे साधं मीठ आणि तेवढंच काळं मीठ, म्हणजे बारा-बारा ग्रॅम. सगळंच काळं घातलं तर पाणी खारट होण्याआधी गंधकाचं होतं, आणि सगळंच साधं घातलं तर ते पाणीपुरीचं पाणी वाटतच नाही. काळ्या मिठाचा तो वास त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा असतो. ती आंबटाला भेटली की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सुटतो, उकडलेल्या अंड्याला वास येतो तो याचाच. म्हणून काळं मीठ कैरीच्या पाण्यात पडताच आधी घरभर दरवळ होतो. त्या रविवारी नेमके याच क्षणी समोरच्या बिऱ्हाडातले पाहुणे दारात आले, एकदा सगळीकडे पाहून त्यांनी नजर आतोबांवर स्थिर केली, आणि बिचाऱ्या आतोबांना वर्तमानपत्र खाली ठेवून "काळं मीठ, काळं मीठ" असा खुलासा करावा लागला.

पण जो वास दिवाणखान्यात गेला, तो पाण्यातून गेला, हा यातला मुद्दा. सकाळीच काळं मीठ घालून पाणी उघडं ठेवलं, किंवा कोमट पाण्यात घातलं, तर संध्याकाळपर्यंत खारटपणा राहतो आणि ओळख जाते. म्हणून काळं मीठ निवलेल्या पाण्यात, खायच्या थोडंच आधी घालायचं आणि झाकण ठेवायचं. गार पाण्यात वायू जास्त वेळ धरून राहतो.

आता पाणी तयार झालं आणि चाखणारे जमा झाले. आत्याने चमचा बुडवला. "खारट झालंय गं. पाणी घाल." दादाने चमचा बुडवला. "आंबट आहे जरा." पुतणीने बुडवला आणि ती तिखट तिखट करत साखरेच्या डब्याकडे गेली. वहिनींनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या झाकणावर खलबत्ता ठेवला.

त्या बरोबर होत्या, आणि त्याची कारणं साधी आहेत. जीभ गार झाली की गोडाची आणि कडूची खबर मंद पोचते. वितळून कोमट झालेलं आइस्क्रीम खाऊन बघावं. तेच आइस्क्रीम एकदम गुळमट गोड लागतं. गारव्यात वासही कमी उडतो, म्हणजे पुदिना आणि जिरं दोन्ही मागे सरतात. खारट आणि आंबट यांना गारवा फारसा दबवत नाही. त्यांना दबवतं पुरीतलं सारण. बिनमिठाचा रगडा, बटाटा, वर गोड चटणी, आणि ती पुरी, हे सगळं मिळून वीस मिलीलीटर पाण्याचा समाचार घेतं. म्हणून वासाचे जिन्नस गारव्यासाठी चढे ठेवायचे आणि मीठ-आंबट सारणासाठी चढं ठेवायचं. चमच्यात यातलं काहीच कळत नाही, कारण चमच्यात ना गारवा असतो ना रगडा. वर तिसऱ्या चमच्याला जीभ मिठाला सरावते आणि चाखणारा आपलंच आधीचं मत फिरवतो. दोन लिटर पाण्याला चार जणांनी आठ चमचे चाखले तर आठ मतं निघतात आणि आठही खरी असतात.

राहिला बर्फ. पाणी गार करण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे सगळं जमल्यावर वरून बर्फ ओतणं, आणि इतकं जपून केलेलं पाणी बिघडवण्याचा सर्वमान्य उपायही तोच. आमच्या आतोबांनी सगळी नोकरी एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात काढली. त्यामुळे बर्फ या विषयावर ते निवृत्त झालेले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. खोलीतलं पाणी २८ अंश, हवं ६ अंश, म्हणजे उतरवायचे २२ अंश. फ्रीजरमधला एक ग्रॅम बर्फ शून्यापर्यंत येताना, वितळताना आणि पुढे सहा अंशांवर चढताना मिळून सुमारे ९५ कॅलरी उष्णता ओढून घेतो, त्यातल्या ८० नुसत्या वितळण्यात. दोन लिटर तयार पाण्यात बर्फ टाकायचा तर साधारण ४६० ग्रॅम लागेल. तो वितळला की दोन लिटरचं जवळजवळ अडीच लिटर होणार आणि १.२ टक्के मीठ एका टक्क्याखाली जाणार.

"म्हणजे सूनबाई," आतोबा चष्मा वर करून म्हणाले, "बर्फ हे पाणीच आहे, हे धरून पाणी करायला हवं."

"म्हणूनच मी एक लिटर सहाशेच केलंय, आतोबा," वहिनी म्हणाल्या. "उरलेलं चारशे फ्रीजरमध्ये आहे."

आतोबांनी पुन्हा आकडेमोड केली. १,६०० ग्रॅम गुणिले २२ म्हणजे ३५,२००, भागिले ९५, आलं ३७०. पातेलं आणि हवा धरून ४००. त्यांनी कागद दुमडून खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून ते वहिनींशी जरा जपून बोलतात.

थोडक्यात, दोन लिटरचं मीठ, आंबट आणि तिखट १,६०० मिलीलीटरमध्ये घालायचं आणि उरलेला पाचवा भाग बर्फ म्हणून द्यायचा. ढवळून बर्फ पूर्ण वितळला की पाणी बरोबर जमलं. म्हणूनच आत्याला ते खारट लागलं होतं. तिने चाखलं तेव्हा पाण्याचा पाचवा भाग फ्रीजरमध्ये होता. दुपारपासून फ्रीजमध्ये गार केलेल्या पाण्याला इतका बर्फ लागत नाही. तिथे निम्मा बर्फ घालून उरलेली तूट गार पाण्याने भरायची. फ्रीजमध्ये जागा असेल तर हाच उत्तम मार्ग, पण एप्रिलच्या रविवारी फ्रीजमध्ये कैऱ्या, कलिंगड आणि आदल्या दिवशीची उसळ असते, पातेल्याला जागा नसते.

पाण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, हे घरी सांगावं लागत नाही; बाजारच्या लादीच्या बाबतीत सांगावं लागतं. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, कारण मासळीवरची लादी आणि सरबतातली लादी डोळ्यांना एकच दिसते. आतोबा अजूनही कुठल्याही गाडीवर आधी बर्फाकडे बघतात आणि मग पुऱ्यांकडे.

माठाचा मोह अनेकांना होतो. माठ गार करतो तो बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं म्हणून. मे महिन्यात नागपूर-जळगावच्या कोरड्या हवेत तो हे काम मनापासून करतो; डोंबिवलीच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, तिथे चार-दोन अंशांवर समाधान मानावं लागतं. शिवाय पुदिन्याचं पाणी ठेवलेला माठ पुढे साध्या पाण्यालाही पुदिना सोडत नाही. पितळेचं बिनकल्हईचं पातेलं तर नकोच, कैरीच्या आंबटाने पाणी कळकतं. स्टीलचं पातेलं घ्यावं, ते परातीत ठेवावं आणि परातीत बर्फ घालून त्यावर मूठभर जाडं मीठ टाकावं. हा बर्फ बाहेरच राहतो आणि शेवटच्या पुरीपर्यंत गारवा पुरतो. फार गारही करू नये. तीन-चार अंशांखाली दातांना कळ लागते आणि पुदिना-जिरं दोन्ही गप्प बसतात. सहा ते आठ अंश पुष्कळ झाले.

पहिली पुरी वहिनींनी स्वतः खाल्ली. रगड्यासकट, चटणीसकट, गार पाण्यासकट. मग वाटीतला राखलेला कैरीचा रस दोन चमचे घातला, ढवळलं आणि डाव आत्याच्या हातात दिला. आत्याने पुरी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाली, "बघ, पाणी घातलंस म्हणून जमलं." वहिनींनी पुढची पुरी भरली. जिंकलेल्या माणसाने वाद घालू नये, त्याने रगडा वाढावा.

पुढच्या शनिवारी आत्याचा फोन आला. तिच्या सोसायटीतल्या बायका येणार होत्या. वहिनींनी ग्रॅमसकट सगळं सांगितलं आणि वर बजावलं, "कोमट असताना चाखू नका हं, आत्या."

"न चाखता कसं गं कळणार?"

"पुरीत घालून चाखा. गार झाल्यावर."

संध्याकाळी पुन्हा फोन. "अगं, एकदाच चाखलं गं. खारट लागलं, म्हणून थोडं पाणी घातलं. मग आंबट कमी वाटलं, म्हणून आणखी एक कैरी. मग यांनी चाखलं, ते म्हणाले जिरं कुठे आहे. मग शेजारणीने मिरच्या वाटून आणल्या, त्याला पुन्हा पाणी. आता पाच लिटर झालंय, पातेलं काठोकाठ आहे आणि बर्फ घालायला जागाच नाही."

"आतोबा काय म्हणतात?"

"ते हिशेब करतायत. म्हणतात पाच लिटरला किलोभर तरी बर्फ लागेल, म्हणजे सहा लिटर होईल, म्हणजे तीनशे पुऱ्या. तुम्ही सगळे निघा आता. आणि येताना पुऱ्या घेऊन या."